पैशाच्या म्हणी: हिंदीतली कुठली, मराठीतली कुठली

वाशीला दाणाबंदरात एका गाळ्यावर हिशोबाचं काम करतो, त्यामुळे दिवसभर कानावर हिंदी म्हणी आणि घरी ऐरोलीला आईच्या मराठी. सोसायटीच्या बोर्डावर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी ही यादी लावायचीय, आमच्या विंगमधे यूपी-बिहारची बरीच मंडळी आहेत त्यांनाही वाचता यावी म्हणून दोन्ही बाजू लिहिल्यात. शब्दाला शब्द जुळवत बसलो नाहीये, कोणत्या वेळी ती म्हण तोंडातून निघते ते बघून जोड्या लावल्यात, म्हणून काही ठिकाणी उंट आहे तर समोर समुद्र आहे, चालायचंच.

नौ नकद न तेरह उधार / उधारीचे पोते, सव्वा हात रिते
बाजारात सगळ्यात जास्त चालणारी. हिंदीवाली विकणाऱ्याची आहे, तेरा उधारीत अडकण्यापेक्षा नऊ रोख घे आणि मोकळा हो. मराठीवाली घेणाऱ्याची, उधारीवर माल उचललास ना, मग पोतं वरून सव्वा हात रिकामंच मिळणार, कारण दुकानदार भावात नाहीतर मापात कुठेतरी वसूल करणारच. काउंटरच्या दोन बाजूंना उभी राहून दोन्ही म्हणी एकच भांडण भांडतायत. मी पगार विकणाऱ्याकडून घेतो पण किराणा आणताना दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे मला दोन्ही पटतात.

उधार दीजे, दुश्मन कीजे / घेताना दिवाळी, देताना शिमगा
इथे मराठी म्हण जास्त भारी आहे असं माझं स्पष्ट मत. हिंदीत नुसता निकाल सांगितलाय, मराठीत अख्खं चित्र आहे, पैसे घेताना माणूस फराळाला आल्यासारखा हसत येतो, चहा पितो, वहिनींची चौकशी करतो, आणि परत मागायला गेलं की शिमग्यासारखी बोंब, मी काय पळून चाललोय का, एवढ्याशा रकमेसाठी फोनवर फोन, वगैरे वगैरे आणि वर बोलणंच बंद.

भागते भूत की लंगोटी ही सही / जळत्या घराचा पोळता वासा
ही वसुलीची जोडी. पार्टी बुडणार हे कळलं की आमचे शेठ आधी दोन दिवस चिडतात आणि मग म्हणतात जेवढे देतोय तेवढे घे, भागते भूत की लंगोटी. मराठीतही तेच, घर जळतंच आहे तर निदान एखादा पोळलेला वासा तरी ओढून काढा.

कंगाली में आटा गीला / दुष्काळात तेरावा महिना
तिकडे आधीच पीठ मूठभर त्यात पाणी जास्त पडलं, इकडे आधीच दुष्काळ त्यात वर्ष तेरा महिन्यांचं, म्हणजे अधिक महिना आला. अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, त्यामुळे धान्य बारा महिन्यांचं साठवलेलं आणि खायची तोंडं तेरा महिने. आजच्या भाषेत घराचा हप्ता गेला, मुलाच्या स्कूलव्हॅनचे पैसे गेले आणि त्याच आठवड्यात फ्रीज बंद पडला.

आमदनी अठन्नी, खर्चा रुपैया / ऋण काढून सण
अठन्नी म्हणजे आठ आणे, रुपयाचे सोळा आणे असायचे, म्हणजे खर्च कमाईच्या बरोबर दुप्पट. याला पुष्कळजण "अंथरूण पाहून पाय पसरावे" लावतात पण ते मला पटत नाही, कारण तो सल्ला आहे आणि ही तक्रार आहे. अंथरुणाची खरी जोडी हिंदीतली "तेते पाँव पसारिए जेती लांबी सौर", तिथेही पांघरुणाएवढेच पाय.

घर में नहीं दाने, अम्मा चली भुनाने / घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा
दोन्हीकडे दाणाच नाहीये! फक्त तिकडची अम्मा नसलेले दाणे भाजून आणायला निघालीय आणि इकडचा गडी थेट पेशवा झालाय. घोडबंदर रोडला पोडियम पार्किंगवाल्या टॉवरमधे भाड्याने राहून गावाला "आपला फ्लॅट" सांगणारे मी बघितलेत, त्यांना कुठलीही म्हण लावा, फिट बसते.

नौ की लकड़ी, नब्बे खर्च / चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं तरी कोंबडी अजून चार आण्यालाच मिळते. ऑनलाइन स्वस्तात काहीतरी मागवायचं आणि त्यावर डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी भरत बसायचं, तो हा मसाला.

सूत न कपास, जुलाहे से लट्ठमलट्ठा / बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी
ही खास नवी मुंबईकरांसाठी, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधे राहणाऱ्यांनी नीट वाचा. रीडेव्हलपमेंटचं नुसतं नाव निघालं, बिल्डर ठरलेला नाही, फायनल प्लॅन नाही, कोणाच्या हातात कागद नाही, आणि जिन्यात दोघा भावांची जुंपलीय की वाढीव एरिया कोणाच्या नावावर, पार्किंग कोणाला, आणि कोपऱ्यातल्या काकू सांगतायत मला पूर्वेकडचीच बाल्कनी पाहिजे. तुरी अजून बाजारातच आहेत हो, आणि इथे वरणात गूळ घालायचा की नाही यावरून मारामारी.

हलवाई की दुकान और दादाजी का फातिहा / हलवायाच्या घरावर तुळशीपत्र
दोन्हीकडे हलवाईच बिचारा. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात, म्हणजे ती आपली राहिली नाही, दिली. इथे पान आपलं आणि घर हलवायाचं. मेंटेनन्सच्या पैशातून मोठमोठ्या सत्कारांच्या शाली वाटणाऱ्या कमिटीवाल्यांसाठी (आमच्या नाही, आमची कमिटी शालसुद्धा वाटत नाही).

ऊँट के मुँह में जीरा / दर्यामें खसखस
पगारवाढीचं लेटर आलं की ही. आणि गंमत बघा, "दर्यामें" हे मराठी म्हणीतच हिंदी ढंगाचं आहे, तसंच सब धान बाईस पसेरीला आपण सब घोडे बारा टक्के म्हणतो, बोलणारा पक्का सातारकर माथाडी असला तरी ती म्हण अशीच बोलणार.

आता काही पटापट, यांना समजावण्यासारखं काही नाही. बूँद बूँद से घड़ा भरता है म्हणजे थेंबे थेंबे तळे साचे. चमड़ी जाए पर दमड़ी न जाए आपल्याकडेही जवळपास तशीच्या तशी. बाप बड़ा न भैया सबसे बड़ा रुपैया ला दाम करी काम, बीबी करी सलाम. काम कौड़ी का नहीं, फुर्सत घड़ी की नहीं ला दमडीची नाही मिळकत आणि घडीची नाही फुरसत, ही तर जुळी भावंडं. बैठे-बैठे तो कारूँ का खज़ाना भी खाली हो जाता है, आपल्याकडे बसून खाल्लं की कुबेराचा खजिना रिकामा होतो, म्हणजे खजिनदार बदलला, रिकामं होणं तेच. सस्ता रोए बार-बार ला मी दमडीचा सौदा, येरझारा चौदा लावलीय, पूर्ण जुळत नाही पण स्टेशनबाहेरून घेतलेला चार्जर बदलायला फेऱ्या मारल्यात त्यांना कळेल.

मूल से ब्याज प्यारा / दुधापेक्षा साय गोड
दोन्ही नातवंडांसाठी. तिकडचे आजोबा सावकार वाटतात, मुद्दल म्हणजे मुलगा आणि व्याज म्हणजे नातू. इकडे दुधाची साय. पैशाच्या यादीत सायीला जागा नाही असं आई म्हणाली, पण मी ठेवलीय.

खाया पिया कुछ नहीं, गिलास तोड़ा बारह आना ला मराठी शोधली, एकही धड बसेना, आणि तसंही ठाण्या-मुंबईत आपण ती हिंदीतच मारतो, तेव्हा बोर्डावर दोन्ही बाजूला तीच लिहितोय.