जातीचे प्रमाणपत्र मिळणेबाबत अर्ज

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
जुन्नर-आंबेगाव उपविभाग,
मंचर, जि. पुणे

अर्जदार : सुभाष दगडू बनकर, वय ५३ वर्षे, व्यवसाय शेती,
रा. मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे

विषय : मुलगी कु. वैष्णवी सुभाष बनकर हिला 'हिंदू-माळी' (इतर मागासवर्ग) जातीचे प्रमाणपत्र मिळणेबाबत व जुन्या नोंदींतील आडनावाच्या फरकाबाबत खुलासा.

संदर्भ : 'आपले सरकार' पोर्टलवर केलेला अर्ज, दि. २३ जून २०२५ (पोचपावती सोबत जोडली आहे).

महोदय,

वरील विषयास व संदर्भास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी वरील पत्त्यावर कुटुंबासह कायमचा राहणारा आहे. माझी मुलगी वैष्णवी (जन्मतारीख ९ ऑक्टोबर २००७) इयत्ता बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. ती अज्ञान असल्याने तिचा पालक या नात्याने मी हा अर्ज करीत आहे. पुढील वर्षी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी तिला जातीचे प्रमाणपत्र लागणार आहे. त्यावरच पुढे जात पडताळणी व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचे अर्ज करावयाचे असल्याने ते वेळेत हातात असणे गरजेचे आहे.

संदर्भीय अर्जावर अशी त्रुटी निघाली आहे की, आजोबांच्या नोंदीत आडनाव 'माळी' आहे, तर अर्जात 'बनकर' आहे. त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे करतो.

माझे वडील कै. दगडू सखाराम यांचा जन्म १९३९ सालचा. त्या वर्षीच्या गाव नमुना क्र. १४ मधील मोडी नोंदीत 'सखाराम बिन तुकाराम माळी यांस मुलगा झाला' असे लिहिले असून जातीच्या रकान्यातही माळी असेच आहे. १९४६ साली ते गावच्या मराठी शाळेत दाखल झाले. तेथील जनरल रजिस्टरमध्ये नाव 'दगडू सखाराम माळी' व जात 'हिंदू माळी' अशी नोंद आहे. आमच्याकडे त्या काळी आडनाव लावण्याची रीत नव्हती. जात विचारली की जात सांगत, आडनाव विचारले तरी जातच सांगत, आणि लिहून घेणाराही तेच लिहीत असे. बनकर हे आमचे घराण्याचे आडनाव कागदावर आले ते नंतर, जमिनीच्या व्यवहारांच्या वेळी.

या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा म्हणजे १९९८ चा वारस फेरफार. वडिलांच्या निधनानंतर मंजूर झालेल्या या फेरफारात 'दगडू सखाराम बनकर ऊर्फ माळी, मयत' असे लिहून वारस म्हणून आई, मी व माझी बहीण यांची नावे लागली आहेत. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव बनकर व जात हिंदू-माळी आहे. तो दाखला १९६७ नंतरचा असल्याने केवळ त्यावर विसंबून अर्ज केलेला नाही. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तो वर नमूद केलेल्या १९३९ व १९४६ च्या दोन नोंदींनी पूर्ण होतो, अशी माझी नम्र धारणा आहे.

वडिलांकडील नात्यात आजवर कोणीही जात वैधता प्रमाणपत्र काढलेले नाही. त्यामुळे रक्तनात्यातील वैधता प्रमाणपत्र मला जोडता आलेले नाही.

मूळ कागदपत्रे मी पडताळणीसाठी घेऊन येईन. शाळेचे रजिस्टर जीर्ण असल्याने ते शाळेबाहेर नेता येत नाही. आवश्यकता वाटल्यास आपल्या प्रतिनिधीमार्फत शाळेत जाऊन त्याची खातरजमा करावी, तसेच गावात गृहचौकशी करावी, त्यास माझी पूर्ण तयारी आहे.

तरी वरील खुलासा व सोबतची कागदपत्रे विचारात घेऊन, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये विहित केलेल्या मुदतीत माझ्या मुलीस जातीचे प्रमाणपत्र मिळावे, ही नम्र विनंती. आणखी काही पूर्तता हवी असल्यास पोचपावतीवरील मोबाइल क्रमांकावर अथवा वरील पत्त्यावर एकदाच एकत्रित कळवावे, म्हणजे शेतीची कामे सांभाळून मला ती करता येईल.

वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कायदेशीर कारवाईस मी जबाबदार राहीन.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही)
सुभाष दगडू बनकर
ठिकाण : मंचर

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१. ऑनलाइन अर्जाची पोचपावती
२. वंशावळीसह शपथपत्र
३. गाव नमुना क्र. १४ चा १९३९ चा उतारा व त्याचे देवनागरी लिप्यंतर
४. वडिलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, १९४६
५. वारस फेरफार, १९९८ व चालू सातबारा
६. अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला
७. मुलीचा जन्म दाखला व बोनाफाईड प्रमाणपत्र
८. दोघांची आधार कार्डे व शिधापत्रिका (छायाप्रती)