उंबराखालचा झिरा

अंजनेरीच्या डोंगराखाली एक ओहोळ होता. पावसाळ्यात तो असा धो धो वाहायचा की पलीकडच्या काठावरून मारलेली हाकसुद्धा ऐकू यायची नाही. त्र्यंबकच्या बाजूला पाऊस पडतोच तसा! पण मुलांनो, तिथला कातळ काळा आणि टणक. पाणी पडतं, घसरतं आणि उताराने निघून जातं. वैशाख आला की ओहोळात उरतात नुसते गोटे.

त्या वर्षी पाणी एकाच जागी उरलं. उंबराच्या मुळांखाली कातळाला एक चीर होती. त्या चिरेतून थेंब पडायचा. टिप्... टिप्... टिप्. खाली घंगाळाएवढा खळगा. रात्रभर टिपटिप चालली की पहाटे खळगा भरायचा. हाच तो झिरा.

पहिल्या दिवशी रानडुक्कर सगळ्यांच्या आधी आला. घटाघटा प्यायला आणि वर खळग्यातच लोळला. झाला चिखल! ससा, भेकर, वानर आणि लावी आपल्या पिल्लांसह काठावर उभे. लावीच्या धाकट्या पिल्लाने चोच बुडवली, तर चोचीला नुसता गाळ.

दुसऱ्या दिवशी कुणी थांबायलाच तयार नाही. सगळे एकदम धावले. ढकलाढकलीत ते धाकटं पिल्लू भेकराच्या खुराखाली येता येता वाचलं.

"असं नाही चालायचं," वानर फांदीवरून ओरडला. "उद्या मी वाटप करतो. सगळ्यांना सारखं!"

तिसऱ्या दिवशी त्याने पळसाच्या पानाचा द्रोण केला. प्रत्येकाला एक द्रोण, कमी नाही, जास्त नाही. लावीची पिल्लं चार घोट प्यायली आणि बाकीचं सांडलं. रानडुकराने द्रोण तोंडात रिता केला, तर त्याची जीभसुद्धा धड भिजली नाही.

"माझं पोट मोठं आहे, हा काय माझा गुन्हा?" तो कळवळून म्हणाला.

खरंच होतं त्याचं. पहिल्या दिवशी तो चुकला होता, पण तहान तर त्यालाही लागतेच ना?

तेवढ्यात ससा म्हणाला, "वानरदादा, तू किती द्रोण प्यायलास? मी तीन मोजले."

वानर कान खाजवू लागला.

झिऱ्याच्या काठी चिखलात बीळ करून एक म्हातारा खेकडा राहायचा. तो तिरका तिरका चालत वर आला. "वाटप कुणीही करा," तो म्हणाला, "पण वाटणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी प्यायचं."

"आणि मला उरलंच नाही तर?" वानराने विचारलं.

"म्हणून तर नीट वाटशील!"

चौथ्या दिवशी वानराने द्रोण बाजूला ठेवला. आज तो प्रत्येकाला आधी विचारत होता, "तुला किती लागेल?" लावीच्या पिल्लांसाठी त्याने पानावर थोडं पाणी घेतलं, म्हणजे बुडायची भीती नको. ससा थोडंसं प्यायला, भेकर त्याच्याहून जास्त. मग आला रानडुक्कर. वानराने खळग्यातल्या एका पांढऱ्या दगडावर बोट ठेवलं. "पाणी इथपर्यंत उतरलं की थांबायचं."

रानडुक्कर प्यायला लागला. पाणी उतरत उतरत दगडाला टेकलं. त्याला अजून तहान होती. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वानराकडे, आणि तोंड वर काढलं.

शेवटी वानर प्यायला. दगडाखाली होतं ते त्याला पुरलं.

"पण रानडुक्करदादाची तहान राहिली," लावी म्हणाली. "दिवसभर थेंब तर पडतच असतात. दुपारी साचेल ते सगळं त्याला द्यायचं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. रानडुक्कर हळूच म्हणाला, "आणि मला लोळायचंही असतं. अंगाची आग होते गं." मग खेकड्याने झिऱ्यापासून लांब, सावलीतली ओली माती त्याला दाखवली. तिथे किती का लोळेना, पिण्याचं पाणी काही गढूळ होत नव्हतं.

पुढे रोज नवा वाटणारा. एकदा ससा, एकदा भेकर. रानडुकराची पाळी आली तेव्हा तो इतकं जपून वाटत होता, की पांढऱ्या दगडाला नाक लावून बसला!

एका सकाळी लांबून एक साळिंदर आलं. त्याच्याकडचं पाणी पार आटलं होतं. काटे खाली पडलेले, जीभ बाहेर. ते सरळ खळग्याकडे निघालं.

"थांबा हं!" लावीचं धाकटं पिल्लू आडवं आलं. "आज माझी आई वाटतेय. तुम्हाला किती लागेल?"

साळिंदराला बोलवेना. पिल्लाने मागे वळून रांगेकडे पाहिलं. पुढे रानडुक्कर उभा होता.

"याला आधी प्यायला दे," रानडुक्कर म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.