जांभळी ट्यूब

फिमेल मेडिकलचे मामा रात्री दीडला लॅबमध्ये रक्ताच्या चार जांभळ्या ट्यूब ठेवून गेले. सगळ्या तापाच्या. ऑगस्ट महिना, वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन पेशंट, त्यामुळे वैशालीला नवल वाटलं नाही. फॉर्मवर ठरलेलंच लिहिलेलं: सीबीसी, आणि मलेरियासाठी एमपी. तिसरा फॉर्म सतरा वर्षांच्या मुलीचा. ताप आठ दिवस, अंगदुखी, हिरड्यांतून रक्त. खाली डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह देऊन ‘डेंग्यू’ लिहिलं होतं.

पेशी मोजणाऱ्या काउंटरनं आकडे दिले. प्लेटलेट १६,०००, पांढऱ्या पेशी २,९००. इथवर डेंग्यूच. पण हिमोग्लोबिन ७.१. डेंग्यूत प्लाझ्मा शिरांबाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन चढतं. इथं ते एवढं खाली कसं? ट्यूबमध्ये गुठळी असेल म्हणून तिनं काडी फिरवून पाहिली. गुठळी नव्हती. पुन्हा रन केलं, तेच आकडे.

एमपीसाठी स्लाइड ओढायचीच होती. तिनं एक जास्तीची पातळ स्लाइड ओढली. लीशमन दोन मिनिटं, मग दुप्पट बफर, मग दहा मिनिटं थांबायचं. हात घाई करायला बघत होता, पण अर्धवट रंगलेली स्लाइड माणसाला फसवते. ती थांबली.

ऑइल इमर्शनखाली मलेरिया नव्हता. प्लेटलेट शोधूनही सापडेनात, म्हणजे मशीन खरं बोलत होतं. शेपटीकडे सरकली आणि एक मोठी पेशी आली. डेंग्यूत लिम्फोसाइट फुगतात, त्या तिनं या मोसमात रोज पाहिल्या होत्या: ऐसपैस सायटोप्लाझम, शेजारच्या लाल पेशीला रेलून बसलेलं, कडेला गडद निळं. ही तशी नव्हती. केंद्रकानंच सगळी जागा व्यापलेली, मधोमध चिमटलेलं, क्रोमॅटिन बारीक, त्यात फिकट न्यूक्लिओलस. पुढच्या फील्डमध्ये आणखी दोन.

ब्लास्टसारख्या, रक्ताच्या कर्करोगात दिसतात तशा कच्च्या पेशी. पण पहाटेच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून एवढा मोठा शब्द उच्चारायचा?

तिनं फाइन नॉब हळू फिरवला. त्यातल्या एका पेशीत लालसर बारीक काड्या दिसल्या. एक नाही, मोळीच. ऑवर रॉड. लिम्फोसाइटमध्ये ही काडी कधीच नसते, ब्लास्टमध्ये असते.

तिनं आधी वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, लॅबमधून वैशाली. बेड अकराच्या मुलीला इंजेक्शन काय चाललंय?”

“ताप उतरत नाही गं. डायक्लो भरलंय, कमरेत देतेच आता.”

“देऊ नका. प्लेटलेट सोळा हजार आहेत, स्नायूत सुई टोचली तर रक्त थांबणार नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मी त्यांनाही फोन करते.”

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग ट्रेमध्ये सिरिंज ठेवल्याचा आवाज.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमना उठवायला तिला संकोच वाटला, पण निरोप सकाळवर ढकलण्यासारखा नव्हता. आयपीसला मोबाइल टेकवून काढलेले फोटो तिनं आधीच पाठवले होते.

“वैशाली, मोळी मलाही दिसतेय,” मॅडमचा आवाज एकदम जागा झाला. “प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया असू शकतो. यात पेशंट रक्तस्रावानं जातो, आणि पहिल्या काही दिवसांतच. निळ्या ट्यूबमध्ये नवीन सॅम्पल घे, पीटी-एपीटीटी लाव. ड्यूटी डॉक्टरांशी मी बोलते. एट्राचं औषध रात्रीच सुरू करायला हवं, जीन रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. आपल्याकडे ते नाही, पुण्याला पाठवावं लागेल.”

सॅम्पल घ्यायला ती स्वतः गेली. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरावी लागते, कमी पडली तर पीटी, म्हणजे रक्त गोठायचा वेळ, उगाच लांबतो. मुलीच्या पोटऱ्यांवर लाल बारीक ठिपके होते. टोचल्या जागी कापूस वैशालीनं घड्याळ लावून दाबून धरला. पाच मिनिटांनीही तो ओलाच होता.

पीटी २४ सेकंद आला. कंट्रोल १३.

रजिस्टरमध्ये तिनं ‘ल्युकेमिया’ लिहिलं नाही. ते लिहिणं तिचं काम नव्हे. ‘ब्लास्टसदृश पेशी, ऑवर रॉड दिसल्या, पॅथॉलॉजिस्टना कळवले, ०२:४०’ असं लिहून सही केली. प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या गेल्या, १०८ ला फोन झाला.

खिडकीशी मुलीचे वडील आले.

“ताई, डेंग्यूच हाय ना?”

“डॉक्टर सांगतील काका, ते तुमच्याशीच बोलायला येताहेत. पुण्याला मात्र आत्ताच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.” तिनं न रंगवलेल्या दोन आणि रंगवलेली एक स्लाइड डबीत घालून चिकटपट्टी लावली, वर नाव आणि बेड नंबर लिहिला. “ही डबी सांभाळा. पिशवीत तळाशी टाकू नका, वरच्या खिशात ठेवा. तिथं पोचल्यावर पहिल्यांदा भेटतील त्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि सांगा, रक्ताची स्लाइड आहे, आधी ही बघा.”

“आधी ही बघा,” त्यांनी म्हणून पाहिलं, आणि डबी शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं.