नाईटच्या थकव्याची गोष्ट वॉर्डातच बोलू या

(तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात परिचारिकांसमोर केलेले भाषण, सप्टेंबर, दुपारी दोनची पाळी बदलताना)

नमस्कार सिस्टर्स, आणि मागे बसलेल्या दोन्ही ब्रदरनाही. सकाळपाळी संपवून थांबलेल्यांचे आभार आधी मानते. सहा तास उभं राहिल्यावर पुन्हा खुर्चीत बसून कुणाचं ऐकणं सोपं नसतं. डबा उघडा, खात खात ऐका. डोळा लागला तरी मला राग येणार नाही.

मी वॉर्डात, लेबर रूममध्ये आणि शेवटी अधिसेविकेच्या टेबलावर काम करून निवृत्त झाले. तुमचा हंगाम मला ठाऊक आहे. पावसाळ्यात मण्यार आणि घोणस. पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी, मजूर दगावले, तेव्हा बातम्यांत आकडे आले. पण ज्या सिस्टरनं रात्रभर दर थोड्या मिनिटांनी अ‍ॅट्रोपिन दिलं, छाती कोरडी झाली का ते ऐकलं, नाडी मोजली, बेशुद्धीत हातपाय झाडणाऱ्याला धरलं, तिची बातमी कुठं आली नाही. आणि त्याच रात्री पलीकडच्या खाटेवर सिकलसेलचं लेकरू दुखण्यानं रडत असतं, लेबर रूममध्ये एक बाई पूर्ण दिवसांची असते, आणि ड्युटीवर सिस्टर एकच.

याला आपण म्हणतो, "थकली बा मी." झोपून उठल्यावर जो जातो तो थकवा. झोपून उठल्यावरही जो राहतो, त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून. नीट न हाताळलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून ती येते, असं तिथं लिहिलं आहे. म्हणजे मुळाशी काम आहे, तुमचा स्वभाव नाही. त्याच्या तीन खुणा आहेत. अंगातलं त्राण संपतं. कामाबद्दल, पेशंटबद्दल मन कोरडं होतं, खाट नंबर सहा एवढंच उरतं. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. यातली दुसरी खूण सगळ्यात लवकर लोकांच्या डोळ्यात येते, आणि सिस्टरला "चिडकी" म्हणून नाव पडतं. एखादी प्रेमळ मुलगी सहा महिन्यांत अशी बोलायला लागली, तर तिला मेमो देण्याआधी तिची ड्युटी लिस्ट काढून बघा, अशी माझी इन्चार्ज सिस्टरांना विनंती आहे.

आता रात्रीचं बोलते, कारण रात्र ८ ते सकाळी ८ हीच सगळ्यात जास्त शरीर खाते. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान मेंदू मंदावतो. कितीही वर्षांची सवय असो, मंदावतो. म्हणून त्या वेळी इन्सुलिन, पोटॅशियम, ऑक्सिटोसिन असं काही भरायचं असेल तर दुसऱ्या माणसाला दाखवून मोठ्यानं वाचा. दुसरी सिस्टर नसेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरला दाखवा. यात कमीपणा कसला?

दोघी असाल तर आळीपाळीनं वीस मिनिटं डोळा लावा. वीसच. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं. मला ठाऊक आहे, याला कामचुकारपणा म्हणणारे आहेत. माझ्या मते ही पेशंटच्या सुरक्षेची गोष्ट आहे आणि वरिष्ठांनी ती उघडपणे मान्य करावी, म्हणजे मुलींना चोरून डुलकी घ्यावी लागणार नाही. चहा मध्यरात्रीपर्यंत घ्या. शेवटच्या चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो, मग पहाटेचा चहा सकाळची झोप खातो.

सकाळी घरी जाताना स्कूटीवर डोळे मिटत असतील तर निघू नका. इथं वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या आहेत, रस्त्यावर कापसाचे ट्रक, बैलबंड्या. आधी पडा, मग निघा, नाहीतर एसटीनं जा. घरी गेल्यावर स्वयंपाक, धुणं, लेकरांची शाळा वाट बघत असते, हे सगळ्यांचंच आहे. म्हणून घरच्यांना एकदा बसवून स्पष्ट सांगा: नाईट झाल्यावर दुपारी दोनपर्यंत मला हाक मारायची नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो आपण. घरातल्या कमावत्या बाईला पाच तासांची झोप मागायला संकोच का वाटावा? खिडकीला जाड चादर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि एक कळकळीनं सांगते, झोपेसाठी वॉर्डाच्या कपाटातली गोळी घेऊ नका. त्या गोळ्यांची सवय लागते, आणि ती आपल्याच हातानं लागते.

पण खरं सांगू? हे सगळं एकटीनं करायचे उपाय आहेत, आणि तेवढ्यानं भागत नाही. खाटा दुप्पट आणि माणसं निम्मी असताना प्राणायाम शिकवून कुणाचा ताण उतरत नाही. प्राणायाम जरूर करा. पण वॉर्डानं मिळून करायच्या दोन गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटतात.

पहिली, पाळी बदलतानाचं ओव्हर. उभ्या-उभ्या, पर्स खांद्याला लावून ओव्हर देऊ नका. पेशंटच्या खाटेशी द्या: कोण आहे, काय झालं, आत्ता कसं आहे, पुढे काय करायचं. शेवटी देणारीनं सांगायचं, "आज मला अमुक गोष्ट जड गेली." घेणारीनं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. ज्या सिस्टरला घरी जाऊन "ते सलाईन बंद केलं होतं का" असं आठवत राहतं, तिची निम्मी काळजी नीट ओव्हर दिल्यानं उतरते.

दुसरी, मृत्यूनंतरची पाच मिनिटं. बाळंतीण गेली, लेकरू गेलं, की आपण चादर बदलतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. नातेवाइकांचा आक्रोश, कधी शिव्या, सगळं अंगावर घेऊन. त्या पाळीतल्या सगळ्यांनी, मावशी आणि मामा धरून, पाच मिनिटं एकत्र बसायचं. काय झालं, कुणाचे हात थरथरताहेत, कुणाला आत्ता पंधरा मिनिटं बाहेर पाठवायचं, एवढंच. कुणाचं चुकलं हा विषय तिथं काढायचा नाही. मृत्यूची चौकशी वेगळी होते, तिची जागा वेगळी. आणि कुणी अंगावर धावून आलं तर गप्प बसू नका. २०१० चा राज्याचा कायदा आहे, रुग्णालयातल्या हिंसेला शिक्षा आहे. तक्रार रुग्णालयानं पुढं होऊन द्यावी, मारहाण सोसलेल्या मुलीला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

कंत्राटी सिस्टर्सना "नाही" म्हणणं कठीण जातं, करार पुढे वाढेल का ही भीती असते. म्हणून त्यांच्या वाटचं "नाही" कायम सिस्टरांनी म्हणावं.

दोन आठवड्यांहून अधिक झोप, भूक, हसू हरवलं असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तो नुसता ताण नाही. १४४१६, टेली-मानस, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. मैत्रीण असं काही बोलली तर "असं नको बोलू" म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते मनात भरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, तिथूनच फोन लावा आणि डॉक्टरला बोलवा.

आता दुपारपाळीच्या सिस्टर्सनी वॉर्डात जा, पेशंट वाट बघताहेत. बाकीच्यांनी थांबा. इन्चार्ज सिस्टरांनी ऑक्टोबरची ड्युटी लिस्ट आणली आहे. तीनपेक्षा जास्त सलग नाईट कुणाला लागल्या आहेत, आणि दुपारपाळी करून दुसऱ्या दिवशी लगेच सकाळ कुणाला आहे, ती नावं पेन्सिलनं गोल करू या. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकल्या तर शरीराला सोप्या जातात, तसं कुठं जमतं तेही बघू. पहिला आठवडा कुणी वाचता?