एटीएममधून न आलेल्या १०,००० रुपयांबाबत : तीन वेळा बंद केलेली तक्रार वरिष्ठांकडे

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : दि. १२ जून २०२५ रोजी एटीएममधून रोख न मिळता खात्यातून वजा झालेले १०,००० रुपये व त्यावरील नुकसानभरपाई मिळण्याबाबत.

संदर्भ :
१) तक्रार क्र. SR2506120417, दि. १२ जून २०२५ (हेल्पलाइन)
२) तक्रार क्र. SR2506230198, दि. २३ जून २०२५ (शाखेत लेखी अर्ज)
३) तक्रार क्र. SR2507070665, दि. ७ जुलै २०२५ (ई-मेल)

महोदय/महोदया,

माझे आपल्या बँकेत बचत खाते आहे (शेवटचे चार अंक ५३१८). वरील तिन्ही तक्रारी एकाच व्यवहाराच्या आहेत. तिन्ही बंद झाल्या, पैसे मात्र आजही खात्यात आलेले नाहीत. म्हणून हा विषय आपल्याकडे आणत आहे.

गुरुवार, १२ जून रोजी संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी मी आपल्याच बँकेच्या, माझ्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून १०,००० रुपये काढत होते. आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण जिथून नोटा बाहेर येतात ती झडप उघडलीच नाही. थोड्या वेळाने पडदा पहिल्या पानावर आला आणि कार्ड परत मिळाले. पावती निघाली नाही. मी तिथेच उभी असताना मोबाइलवर १०,००० रुपये वजा झाल्याचा एसएमएस आला. आणखी दहा मिनिटे मी यंत्रासमोरून हलले नाही, कारण उशिरा नोटा बाहेर आल्या आणि दुसऱ्या कोणाच्या हाती लागल्या तर काय, ही भीती होती. नोटा आल्या नाहीत. ७ वाजून ५ मिनिटांनी तिथूनच हेल्पलाइनला फोन केला. पहिला तक्रार क्रमांक त्या फोनचा आहे.

ती तक्रार २० जून रोजी "Transaction successful as per switch. Closed." असा शेरा देऊन बंद झाली. सर्व्हरच्या नोंदीत व्यवहार यशस्वी दिसत असेल, तर त्यावरून माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली एवढेच सिद्ध होते, आणि ते मी स्वतःच सांगत आहे. नोटा झडपेबाहेर आल्या का, हे यंत्राचे इलेक्ट्रॉनिक जर्नल, त्या दिवसाचा रोख ताळमेळ आणि कॅमेऱ्याचे चित्रण यांवरूनच कळेल. यांपैकी काय तपासले, ते मला कोणीही सांगितलेले नाही.

दुसऱ्या तक्रारीत जे घडले त्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. २३ जून रोजी मी शाखेत मराठीत अर्ज दिला. त्यात "रोख अजिबात मिळाली नाही" असे स्पष्ट लिहिले आहे आणि पोच म्हणून शाखेचा शिक्का असलेली प्रत माझ्याकडे आहे. संगणकावर इंग्रजीत नोंद करताना मात्र त्याचे "Customer received less cash" असे झाले. कमी मिळणे आणि काहीच न मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला १ जुलैला, "Duplicate of earlier complaint. Closed." हा शेरा आल्यावर शाखेत विचारायला गेले तेव्हा पडद्यावर वाचायला मिळाले. ज्यांनी नोंद केली त्यांच्याविषयी माझी व्यक्तिगत तक्रार नाही, काउंटरवर गर्दी होती. पण माझ्या अर्जाचा अर्थच बदलला आणि पुढची तपासणी, झाली असलीच तर, चुकीच्या प्रश्नाची झाली. म्हणून या पत्राचा संपूर्ण इंग्रजी मजकूर वेगळ्या पानावर सोबत जोडला आहे. संगणकावर नोंद घेताना कृपया पुढील ओळ जशीच्या तशी उतरवावी :

```
Cash not dispensed. Amount received: nil. Amount debited: Rs. 10,000.
Earlier tickets: SR2506120417, SR2506230198, SR2507070665.
```

तिसऱ्या तक्रारीला १८ जुलैपर्यंत उत्तर देऊ असे ई-मेलने कळवले होते. उत्तर आले नाही. २४ जुलैला फोन केला तेव्हा "प्रोसेसमध्ये आहे" असे सांगण्यात आले आणि २८ जुलैला, एका ओळीचेही कारण न देता, ॲपवर "Resolved" दिसू लागले. त्याच ॲपवर खात्यात १०,००० रुपयांची जमा दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एटीएममधून रोख न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास ती व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून जमा करायची आहे. माझ्या बाबतीत ही मुदत १७ जूनला संपली. १८ जून ते आज, ४ ऑगस्ट, असे ४८ दिवस होतात, म्हणजे भरपाई ४,८०० रुपये. मूळ रकमेसह एकूण १४,८०० रुपये आजच्या तारखेस येणे आहे आणि रोज १०० रुपयांनी त्यात भर पडत आहे.

माझी विनंती अशी की, ही रक्कम प्रत्यक्ष जमा होण्याच्या दिवसापर्यंतच्या भरपाईसह खात्यात जमा करावी. बँकेचे म्हणणे रोख मला मिळाली असेच असेल, तर त्या व्यवहाराची जर्नलमधील नोंद आणि १२ जूननंतरच्या पहिल्या रोख मोजणीचा अहवाल मला दाखवावा. मोजणीत १०,००० रुपये जास्त निघाले असतील तर वादच उरत नाही. कॅमेऱ्याचे संध्याकाळी ६.३५ ते ७.१० या वेळेतील चित्रण आजच जपून ठेवण्याच्या सूचना द्याव्यात. बाकी उत्तराला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण हे चित्रण पुसले गेले तर पुन्हा मिळणार नाही.

तक्रार फेटाळायची असेल तर अंतिम उत्तरापूर्वी ती बँकेच्या अंतर्गत लोकपालांसमोर ठेवली का, हे लेखी कळवावे. पहिल्या तक्रारीला तीस दिवस होऊन गेले आहेत, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ खाली जाण्याचा मार्ग मला आज खुला आहे. तरीही आधी आपल्याकडे आले, कारण उत्तर शाखेतल्या त्या यंत्राच्या नोंदीत आहे आणि आपण मागवल्यास त्या मिळू शकतात. सोमवार, १८ ऑगस्टपर्यंत समाधानकारक लेखी उत्तर न मिळाल्यास मी लोकपालांकडे तक्रार दाखल करेन.

ते पैसे वडिलांच्या तपासण्यांसाठी काढत होते. तपासण्या थांबवता येत नव्हत्या, म्हणून शेजाऱ्यांकडून उसने घेतले आणि ते अजून फेडायचे आहेत. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

या पत्राला नवा क्रमांक देऊन विषय पुन्हा सुरुवातीपासून सुरू करू नये. वरील तिन्ही क्रमांक एकत्र जोडून आपल्या कार्यालयातील एका अधिकाऱ्याकडे हे प्रकरण सोपवावे आणि त्यांचे नाव व दूरध्वनी मला कळवावे. खात्याला जोडलेल्या मोबाइलवर मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उपलब्ध असते. मराठीत बोलणारे अधिकारी असल्यास बरे होईल.

आपली विश्वासू,
सुनंदा देशमुख

सोबत : १) १२ जूनच्या एसएमएसचे छायाचित्र २) २३ जूनच्या अर्जाची शिक्क्यासह प्रत ३) ७ जुलैचा ई-मेल व त्यावरील पोच ४) २८ जुलैचे ॲपवरील पडद्याचे चित्र ५) १ जून ते ४ ऑगस्ट या काळातील खातेउतारा ६) या पत्राचा इंग्रजी मजकूर

प्रत माहितीसाठी : शाखा व्यवस्थापक