हलणारं हूक

कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि खांबांच्या मधे सरकवायला गेलो, तर ते तोंडालाच अडलं. तात्यांनी खांदा लावला, मी खालून रेटलं. डावीकडची कड आत गेली, उजवीकडची खांबावर बसली. पाऊण इंच जास्त.

कराडात विद्यानगरला एका घराचं काम चाललं होतं. मला तात्यांकडे लागून आठ महिने झाले होते. बेडरूममधे दोन खांब आणि त्यांच्या मधल्या जागेत कपाट. माप मी एकट्यानं घेतलेलं पहिलंच काम.

तात्या काही बोलले नाहीत. खिशातून डायरी काढून माझ्या हातात दिली. पानावर माझ्याच अक्षरात होतं : रुंदी 47. फटीला 2 सूत सोडून आम्ही पावणेसत्तेचाळीसचं कपाट बांधलं होतं.

“आता परत मोज.”

मी टेप ओढला. सवयीनं एक इंचाची रेघ डाव्या खांबाच्या कडेला धरली आणि उजव्या कडेवर वाचलं. 47. आणि वाचता वाचताच पोटात गोळा आला. इंच सोडून धरला होता, तो वजा करायचा राहिला होता. जागा 46 ची होती.

“शून्यापासनं का नाही धरलंस?”

“तात्या, टेपचं हूक हलतं. ढिलं झालंय. त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?”

ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून मनात धरून होतो. टेपच्या टोकाचा तो वाकडा पत्रा बोटानं हलवला की मागेपुढे व्हायचा. मला वाटायचं, एवढा जुना टेप तात्या वापरतात कसा? म्हणून मी आपला इंच सोडून मोजायचो आणि मनात वजाबाकी करायचो. आठ महिने कधी चुकलो नाही. त्या दिवशी माप घेत असताना घरमालकीण काकूंनी चहा आणला, आणि वजाबाकी चहाबरोबर गेली.

तात्या खाली बसले. प्लायचा एक तुकडा घेतला, हूक कडेला अडकवून टेप ताणला. हूक बाहेर सरकलं. “बघ. ओढल्यावर किती सरकलं?” मग तोच टेप खांबाच्या आतल्या बाजूला टेकवून दाबला. हूक आत गेलं. “आता किती?”

“थोडंसंच.”

“थोडंसं न्हवं. त्या पत्र्याच्या जाडीएवढं. बाहेरनं अडकवलंस तर पत्रा मापाच्या बाहेर राहतो, आतनं टेकवलंस तर पत्रा मापात येतो. ती जाडी भरून काढायला हूक मुद्दाम हलतं ठेवलंय. आरं, ते ढिलं न्हाय, ते बरोबर हाय.”

मी तुकड्यावर स्टीलची पट्टी ठेवून बघितलं. मग टेपनं, बाहेरून. मग तोच तुकडा भिंतीला लावून, टेपचं हूक त्याच भिंतीला टेकवून. तिन्ही वेळा 14 इंच 3 सूत. एक केससुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. मी चौथ्यांदाही मोजलं. तात्या तोवर विडी ओढत खिडकीत उभे होते. त्यांनी मला मोजू दिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

बाकीचा दिवस दुरुस्तीत गेला. सगळे स्क्रू काढले, पण फेविकॉलनं धरलेला जोड सुटेना. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकलं तर आडव्या फळ्यांच्या टोकांना प्लायचे पदर निघाले. मला रडू येत होतं. तात्या म्हणाले, तसाही तो इंच कापायचाच आहे, पदर त्यात जातील. वरची फळी, खालची फळी, चार खण, सगळ्यांतून एकेक इंच गेला. मागचा 6 एमएमचा प्लायही तेवढाच उतरवला. दारं दोन, प्रत्येकातून अर्धा इंच, तोही मधल्या बाजूनं, कारण बिजागऱ्यांची भोकं बाहेरच्या बाजूला आधीच पडली होती. कापलेल्या कडांना नवी पट्टी मारली. प्रत्येक फळीवर खूण मीच केली. हूक अडकवून, शून्यापासून.

संध्याकाळी कपाट खांबांमधे सरकलं. दोन्हीकडे एकेक सूत फट. काकूंनी दार उघडून बघितलं, बंद केलं, परत उघडलं.

दिवाळीच्या पगारात स्वतःचा टेप घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर एक ठेवला. मी आधी हूक बोटानं हलवून बघितलं. मागेपुढे झालं.

“हलतंय का? थांब, दुसरा देतो.”

“नको काका, हलणारंच पाहिजे,” म्हटलं आणि पैसे काढले.