पहिल्यांदा रिटर्न भरताना

माझी भाची नाशिकला नोकरीला लागली, त्याला आता सव्वा वर्ष झालं. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, माझा काही टॅक्स बसत नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?" मी गेली अकरा वर्षं एका कारखान्याचं पगारपत्रक सांभाळते, आणि जून-जुलैत हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. सगळे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या कमाईचे आहेत.

कर शून्य येणं आणि रिटर्न न भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन कर पद्धतीत वर्षाचं एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. पुढे सवलत मिळून कर शून्य झाला तरी ते टळत नाही. भाचीचा वर्षाचा पगार ६,४०,०००. आजोबांनी तिच्या नावे ठेवलेल्या एफडीचं व्याज १८,००० आणि बचत खात्याचं व्याज २,४००. बेरीज ६,६०,४००. नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी कुठलीही पावती लागत नाही. राहिले ५,८५,४००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, उरलेल्या १,८५,४०० वर ५ टक्क्यांनी ९,२७० रुपये. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ खाली हा कर पूर्ण माफ होतो. म्हणून तिला भरायचं काहीच नाही. पण हा सगळा हिशेब सरकारला कळवायचा तो रिटर्नमधूनच.

"एफडीवर बँकेने टीडीएस कापला नाही, मग ते व्याज कशाला दाखवू?" हा तिचा पुढचा प्रश्न. टीडीएस म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर. एका बँकेतलं एफडीचं व्याज वर्षाला ५०,००० च्या आत असेल तर बँक सहसा टीडीएस कापत नाही. त्याने व्याज करमुक्त होत नाही. बँक तो आकडा आयकर खात्याला कळवतेच, आणि तो तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात, दिसतो. म्हणून रिटर्नला हात लावण्याआधी तीन कागद समोर ठेवा. कंपनीकडून मिळालेला फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, आयकर खात्याच्या पोर्टलवरचं फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराची नोंद, आणि एआयएस. पगारातून कापलेला टीडीएस तिन्हीकडे जुळतो का, ते पाहा. फॉर्म १६ मध्ये रक्कम आहे आणि २६एएसमध्ये नाही, असं दिसलं तर आधी कंपनीच्या अकाउंट्सला गाठा, रिटर्न नंतर.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा. पहिल्या रिटर्नला सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकताना मी पाहिली आहेत. समजा, पहिल्या कंपनीत सात महिने दरमहा १ लाख पगार होता. कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, ७५,००० वजा केले, कर शून्य आला, टीडीएस कापला नाही. दुसऱ्या कंपनीत पाच महिने दरमहा १ लाख ४० हजार. तिथे तुम्ही आधीच्या पगाराची माहिती दिलीच नाही, म्हणून तिने फक्त ७ लाख धरले. तिथेही टीडीएस शून्य. दोन्ही फॉर्म १६ स्वच्छ दिसतात. पण बेरीज होते १४ लाख, आणि प्रमाणित वजावट दोनदा नाही, एकदाच मिळते. करपात्र राहतात १३,२५,०००. बारा लाखांची रेषा ओलांडली, माफी गेली. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या सव्वा लाखावर १५ टक्क्यांनी १८,७५०. त्यावर ४ टक्के उपकर. एकूण ८१,९०० रुपये, शिवाय वेळेत न भरल्याचं व्याज. जुलैत हा आकडा समोर आला की पोरांचे चेहरे उतरतात, आणि मला खरंच वाईट वाटतं. नव्या कंपनीत रुजू होताना आधीचा पगार आणि टीडीएस लेखी कळवला असता, तर हीच रक्कम महिन्या-महिन्याने कापली गेली असती.

जुनी पद्धत घ्यायची का? घरभाडं मोठं असेल, ८०सी खालची दीड लाखाची गुंतवणूक खरोखर केलेली असेल, गृहकर्ज असेल, तर दोन्हीकडे हिशेब करून पाहा. नव्याने नोकरीला लागलेल्या बहुतेकांना नवीनच परवडते. कंपनीला काहीही सांगितलेलं असलं तरी रिटर्न भरताना निवड बदलता येते. मात्र जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत भरायला हवं.

फॉर्म कुठला? नुसता पगार आणि व्याज असेल, उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल, तर आयटीआर-१, त्यालाच सहज म्हणतात. मोबाइलवरून शेअर घेऊन वर्षाच्या आत नफ्यात विकले असतील, तर सहज चालत नाही, आयटीआर-२ लागतो. त्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला ८७अ ची माफीही मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

incometax.gov.in वर पॅन टाकून लॉगिन करा. मेनू असा आहे:

```
e-File > Income Tax Returns > File Income Tax Return
```

तिथे Assessment Year विचारतं, ते 2026-27 निवडा. कमाईचं वर्ष २०२५-२६, तपासणीचं त्याच्या पुढचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी हे रिटर्न १९६१ च्या जुन्याच कायद्याखालचं आहे. बरीचशी माहिती आधीच भरलेली येते. ती बरोबरच असेल असं धरू नका, फॉर्म १६ शी ताडून बघा. परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं लागतं.

सबमिट केलं की झालं, असं वाटतं. नाही. तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं. आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांचं काम आहे, फक्त आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. तीस दिवस उलटले, तर उशिरा व्हेरिफाय केलेल्या तारखेलाच तुम्ही रिटर्न भरलं असं धरतात.

मुदत ३१ जुलै २०२६. गेल्या वर्षी ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण त्या भरवशावर बसू नका. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० रुपये विलंब शुल्क पडतं. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

एक गोष्ट कळकळीने सांगते. "मोठा परतावा मिळवून देतो" म्हणणारा कोणी भेटला आणि खोट्या भाडेपावत्या, खोट्या देणग्या टाकू लागला, तर तिथून उठा. सही तुमची असते. चुकीची माहिती पकडली गेली की बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तो भरताना तुमच्याबरोबर त्या माणसाचं नाव कुठेच नसतं.

आणि हेही मनापासून: मी चार्टर्ड अकाउंटंट नाही, पगारपत्रक करणारी आहे. वरचं लिखाण साध्या, पगारदार माणसासाठी ओळख म्हणून आहे, कर सल्ला म्हणून नाही. परदेशातली कमाई, कंपनीचे शेअर, घरविक्री, जोडधंदा, यांतलं काही असेल तर एखाद्या सीएला फी देऊन दाखवून घ्या. नियम आणि तारखा बदलतात, म्हणून भरण्याआधी पोर्टलवर एकदा पाहून घ्या. भाचीने रविवारी बसून भरलं, सहज फॉर्म, परतावा शून्य, कर शून्य. व्हेरिफिकेशनचा ओटीपी मात्र आजोबांच्या फोनवर गेला, कारण आधारला अजून त्यांचाच नंबर होता.